१५४ की २४.५? टॉर्क काढताना एककं जुळली, उत्तर मात्र सहापट

ड्रमवाला

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ आमचं हळद पॉलिश करायचं छोटं युनिट आहे. जुना ड्रम काढून नवा बसवतोय, त्यासाठी गिअरबॉक्स घ्यायचा होता. मोटर घरचीच आहे, ५ एचपी, प्लेटवर ३.७ किलोवॅट आणि १४४० आरपीएम. ड्रम मिनिटाला ३० फेरे फिरला की बास, म्हणजे ४८ ला १ चा गिअरबॉक्स.

डिप्लोमा होऊन वीस वर्षं झाली, तरी म्हटलं टॉर्क आपणच काढू, त्यात काय अवघड. पॉवर भागिले वेग. १४४० ला ६० ने भागलं, सेकंदाला २४ फेरे. ३७०० भागिले २४, आले १५४. मग शाळेत शिकवल्यासारखी एककंसुद्धा तपासली. वर जूल प्रति सेकंद, खाली प्रति सेकंद, सेकंद उडाले, उरले जूल. जूल म्हणजेच न्यूटन-मीटर, आणि टॉर्क न्यूटन-मीटरमध्येच असतो. झालं की! त्याला ४८ ने गुणून ड्रमच्या शाफ्टला ७४०० न्यूटन-मीटर असं लिहून दुकानात गेलो.

दुकानदार कागद बघून हसला. म्हणाला, "काका, पाच एचपीला एवढा गिअरबॉक्स? मोटर त्याच्यापुढं खेळणं दिसंल." त्याच्या कॅटलॉगात ५ एचपी, १४४० च्या ओळीत २४.५ छापलंय. माझ्या आकड्याच्या सहावा हिस्सा.

दुसरी गंमत घरी. मुलगी अकरावीला आहे. तिनं चाचणीत टॉर्कचं एकक जूल लिहिलं म्हणून अर्धा मार्क कापला. तिचं म्हणणं, जूल म्हणजे न्यूटन-मीटरच ना, मग चूक काय? मला उत्तर देता आलं नाही. तर प्रश्न दोन. एककं बरोबर जुळूनही माझं उत्तर का चुकलं? आणि पोरीचं काय चुकलं?

शून्यमनस्क

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. टॉर्क सदिश, ऊर्जा अदिश. टॉर्कला दिशा असते, ऊर्जेला नसते. म्हणून एक न्यूटन-मीटरमध्ये आणि दुसरी जूलमध्ये. विषय संपला.

पहिल्यात तुम्ही मिनिटाचे सेकंद करताना घोळ घातला असणार. नेहमीची चूक आहे.

ड्रमवाला

घोळ नाही ओ. ६० ने भागलंय, वर लिहिलंय बघा. आणि मिनिटाचा घोळ असता तर उत्तर साठपट चुकलं असतं, सहापट नाही.

पान्हा१७

मी गॅरेजवाला, गणितवाला नाही. पण टॉर्क आणि ऊर्जा वेगळी हे हाताला रोज कळतं.

चाकाचा नट १०० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. माझा टॉर्क पाना धरायच्या जागेपासून ४० सेंटिमीटर. म्हणजे २५ किलोच्या आसपास जोर लावायचा. आता नट आधीच आवळलेला असेल तर मी जोर लावतो, पाना टक् करतो, नट हलत नाही. टॉर्क १०० पुरा लागला, काम शून्य. नट जागचा हललाच नाही तर त्याला ऊर्जा कुठनं मिळणार? घाम मला आला ती गोष्ट वेगळी. जूल लिहायचं म्हटलं तर शून्य जूल लिहावं लागेल, आणि मग नट किती आवळलाय हे कसं सांगणार?

जुन्या गाड्यांच्या मॅन्युअलात हेच किलोग्रॅम-मीटरमध्ये असायचं, १० किलोग्रॅम-मीटर म्हणजे साधारण ९८ न्यूटन-मीटर. तेव्हा हा जूलचा गोंधळच नव्हता.

मायलेजमास्तर

चांगला विषय काढलात. माझ्या बाईकला १४ न्यूटन-मीटर टॉर्क आहे, मित्राच्या बाईकला १९. म्हणजे त्याच्या बाईकला दर फेऱ्याला ५ जूल पेट्रोल जास्त लागतं असं समजायचं का? तरी त्याचं मायलेज माझ्यापेक्षा चांगलं कसं?

पान्हा१७

मास्तर, कंपनी लिहिते तो आकडा जास्तीत जास्त टॉर्कचा. तो एका ठराविक आरपीएमला आणि पूर्ण थ्रॉटलला मिळतो. तुम्ही सिग्नलवरनं जाताना त्याच्या पाव हिश्श्यावर चालवता. मायलेजचा धागा वेगळा काढा, हवेच्या दाबापासून सुरुवात करू.

आवर्तन

धागा आत्ता पाहिला. मी मोटरच्या चाचणी विभागात तीसेक वर्षं काढली आहेत, त्यामुळे राहवत नाही.

ड्रमवाला, तुमचा १५४ हा आकडा चुकीचा नाही. तो टॉर्क नाही, एवढंच. तुमची मोटर पूर्ण भारावर एका फेऱ्यात जे काम करते ते १५४ जूल आहे. तुम्ही सेकंदाच्या जूलना सेकंदाच्या फेऱ्यांनी भागलंत, तर येणार जूल प्रति फेरा. टॉर्क म्हणजे जूल प्रति रेडियन. एका फेऱ्यात २π, म्हणजे ६.२८ रेडियन असतात. १५४ भागिले ६.२८ करून पाहा, दुकानदाराचा २४.५ येतो.

तुम्ही डिप्लोमा केलाय म्हणजे रोप ब्रेकचा प्रयोग केलेला असणार. तोच आठवा. मोटरच्या शाफ्टवर २० सेंटिमीटर त्रिज्येची पुली, तिच्यावर दोर, एका टोकाला वजन आणि दुसऱ्याला स्प्रिंगकाटा. दोन्ही टोकांच्या ओढीतला फरक १२२.५ न्यूटन भरला असं समजू, साडेबारा किलो. टॉर्क काढताना आपण १२२.५ ला ०.२ मीटरने गुणतो, येतात २४.५ न्यूटन-मीटर. आता त्याच दोराखालून पुलीचा काठ एका फेऱ्यात किती सरकतो? परीघ, म्हणजे १.२६ मीटर. घर्षणाविरुद्ध केलेलं काम १२२.५ गुणिले १.२६, म्हणजे १५४ जूल. एकाच पुलीवर तुमचे दोन्ही आकडे निघाले. एकात बलाला त्रिज्येने गुणलं, दुसऱ्यात बलाला सरकलेल्या अंतराने. दोन्ही न्यूटन गुणिले मीटर, पण पहिल्यातला मीटर बलाला आडवा आहे आणि दुसऱ्यातला बलाच्या दिशेने.

पुली बरोबर एक रेडियन फिरली तर काठ बरोबर त्रिज्येइतका, ०.२ मीटर सरकतो. तेव्हा काम २४.५ जूल. आकडा टॉर्कइतकाच. टॉर्क आणि ऊर्जेचं एकक सारखं दिसण्याचं मूळ तिथे आहे. W = τθ या सूत्रात θ ला एकक नाही, म्हणून दोन्ही बाजू एकसारख्या दिसतात.

शून्यमनस्क

पण मग सदिश-अदिश हे माझं म्हणणं बरोबरच आहे ना? आडवं अंतर म्हणजे क्रॉस प्रॉडक्ट, दिशेने अंतर म्हणजे डॉट प्रॉडक्ट.

आवर्तन

अर्धं बरोबर आहे. आडवं आणि दिशेने हा फरक खरा, आणि तो क्रॉस-डॉटमधून येतो. पण "सदिश आहे म्हणून एकक वेगळं" हे टिकत नाही. वेग सदिश आणि चाल अदिश, तरी दोन्ही मीटर प्रति सेकंदच. शिवाय मोटरच्या शाफ्टवर अक्ष ठरलेला असतो. तिथे टॉर्क म्हणजे अधिक-उणे चिन्ह असलेला एक साधा आकडा. दिशा काढून टाकली तरी तो ऊर्जा होत नाही.

माझ्या मते खरी परीक्षा गिअरबॉक्स घेतो. ड्रमवाल्यांच्या ४८ ला १ च्या गिअरबॉक्समध्ये २४.५ आत गेले तर आदर्श स्थितीत ११७६ न्यूटन-मीटर बाहेर येतात. टॉर्क ४८ पट झाला. टॉर्क जर ऊर्जा असती तर लोखंडाच्या एका डब्याने एका जूलचे ४८ जूल केले असते आणि महावितरणला टाळं लागलं असतं. प्रत्यक्षात आतला शाफ्ट ४८ रेडियन फिरतो तेव्हा बाहेरचा एक फिरतो. टॉर्क गुणिले कोन हा गुणाकार दोन्हीकडे तेवढाच, आणि ऊर्जा तो गुणाकार आहे. टॉर्क वाटेत बदलता येतो, ऊर्जा नाही.

अवांतर: वर्म गिअरबॉक्स घेणार असाल तर एवढ्या मोठ्या रेशोला तीसेक टक्के शक्ती तेलाच्या उष्णतेत जाऊ शकते. ड्रमकडे ८२० न्यूटन-मीटरच्या आसपास धरा, ११७६ नको. हेलिकलला नुकसान पुष्कळ कमी, पण किंमत जास्त.

ड्रमवाला

आवर्तनसाहेब, रोप ब्रेक आठवला! आमच्या प्रयोगशाळेत पुलीवर पाणी ओतत बसायला मीच असायचो.

पण एक शंका राहतेच. मी एककं तपासली ती बरोबर होती ना? मग ती तपासणी काय कामाची? ती मला सांगायला नको का की बाबा, हा फेरा आहे, रेडियन नाही?

क_बारावी

मी बारावीत आहे. मला तर मितींनी वाचवलंय. चाकाची फिरण्याची ऊर्जा मी ½Iω लिहिली होती, वर्ग विसरले. I मध्ये ML², ω मध्ये T⁻¹, गुणाकार ML²T⁻¹. ऊर्जेला T⁻² पाहिजे. लगेच कळलं की एक ω कमी आहे. म्हणजे तपासणी कामाची आहे की.

पण दुसऱ्यांदा फसले. टॉर्शन पेंडुलमचं प्रात्यक्षिक होतं, तारेला चकती टांगून ती पिळून सोडायची. सूत्र T = 2π√(I/k). तारेचा k आम्ही आधी काढला होता, किती न्यूटन-मीटरला किती अंश पीळ बसतो त्यावरून. मिती तपासल्या, मुळातून सेकंद आला. आकडे टाकले तर आवर्तकाल १५ सेकंद. घड्याळात दोनच सेकंद भरत होते. आम्ही चकतीचं वजन तीनदा केलं. हे पण तेच का?

आवर्तन

अगदी तेच. तुमचा k न्यूटन-मीटर प्रति अंश होता. सूत्राला तो प्रति रेडियन लागतो. एका रेडियनमध्ये ५७.३ अंश, म्हणजे तुमचा k ५७.३ पट लहान, आणि तो वर्गमुळात खाली असल्यामुळे आवर्तकाल ७.६ पट मोठा. दोनाचे पंधरा होतात ते असे.

ड्रमवाल्यांच्या शंकेचं उत्तर यातच आहे. मितींची तपासणी लांबी, वस्तुमान आणि काळ हे तीनच धागे ओढून बघते. ω चा एक घात राहिला तर काळाचा धागा सैल पडतो आणि ती ओरडते. फेरा, अंश, रेडियन हे तिच्या दृष्टीने नुसते आकडे. १ फेरा, ३६० अंश, ६.२८ रेडियन यांत तिला फरक दिसतच नाही. रेषेतल्या हालचालीत अशी चूक सहसा होत नाही, कारण अंतराला मीटर चिकटलेला असतो. फिरत्या सूत्रांत मात्र कोनाचं एकक गळून पडतं आणि त्याच्याबरोबर २π गळतो.

मी माझ्या हाताखालच्या मुलांना एकच सवय लावायचो. उत्तर आलं आणि ते अपेक्षेपेक्षा ६.२८ पट, ५७.३ पट किंवा ९.५५ पट जास्त-कमी असेल तर मापन पुन्हा करायच्या आधी कोनाचं एकक बघा. ९.५५ म्हणजे ६० भागिले २π, आरपीएम तसाच सूत्रात घातला की एवढ्याने फरक पडतो. दुकानदाराच्या कॅटलॉगमध्ये टॉर्क = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम असं सूत्र शेवटच्या पानावर असेल. तो ९५५० म्हणजे हेच ९.५५, किलोवॅटच्या हजाराने गुणलेले. ३.७ घालून पाहा, २४.५ येतात.

तिरकस

हे सगळं ऐकून मला नेहमीचा राग येतो. रोग माहीत आहे, औषधही माहीत आहे, पण कुणी देत नाही. रेडियनला खरंखुरं एकक माना, टॉर्क जूल प्रति रेडियन लिहा. ड्रमवाल्यांचं उत्तर "जूल प्रति फेरा" म्हणून समोर आलं असतं आणि फेरा उडाला नसता. मुलीचा अर्धा मार्कही वाचला असता, कारण जूल आणि जूल प्रति रेडियन यांत गोंधळच होत नाही.

आणि ही माझी कल्पना नाही. १९६० साली SI ठरलं तेव्हा रेडियनला पूरक एककांच्या वेगळ्या रांगेत बसवलं होतं. १९९५ मध्ये ती रांगच मोडून टाकली आणि रेडियन म्हणजे मीटर भागिले मीटर, निव्वळ १, असं झालं. तरी २००६ च्या SI पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं होतं की टॉर्ककडे बल गुणिले अंतर म्हणून पाहिलं तर न्यूटन-मीटर सुचतं आणि ऊर्जा प्रति कोन म्हणून पाहिलं तर जूल प्रति रेडियन सुचतं. मग तेच चालवा ना.

आवर्तन

तिरकसराव, चालवून पाहिलंय. वहीत करून बघा कुठे अडतं ते.

s = rθ घ्या. पुलीची त्रिज्या ०.२ मीटर, कोन १ रेडियन. गुणाकार ०.२ मीटर-रेडियन. पण काठ सरकला तो पट्टीने मोजलेला ०.२ मीटर. रेडियन उडवायचा कसा? एक वाट अशी की इथली त्रिज्या मीटर प्रति रेडियनमध्ये धरायची. गंमत म्हणजे त्याने बरंच जुळतं. r × F मधून न्यूटन-मीटर प्रति रेडियन येतो, I ला किलोग्रॅम-मीटर वर्ग प्रति रेडियन वर्ग मिळतो आणि ½Iω² पुन्हा निखळ जूल होतो. पण मग एकाच पुलीला दोन त्रिज्या झाल्या, एक टेपने मोजायची आणि एक फिरवायची. त्यातून sin θ आला की आणखी पंचाईत. θ − θ³/6 मध्ये रेडियनमधून रेडियन घन वजा करावा लागतो.

तिरकस

sin च्या आत आधी रेडियनने भागून शुद्ध आकडा करायचा, एवढंच. दोन त्रिज्यांचं म्हणाल तर त्या खरोखरच वेगळ्या आहेत, हे तुम्हीच पुलीवर दाखवलंत! एक बलाला आडवी लांबी, दुसरी एका रेडियनला काठ किती सरकतो तो दर. आकडा एक म्हणून वस्तू एक, हीच तर ड्रमवाल्यांची चूक होती.

आवर्तन

मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण चाचणी विभागात रोज शंभर कागद भरणाऱ्या माणसाला दोन त्रिज्या द्यायच्या की २π लक्षात ठेवायला सांगायचं, यात मी दुसरं निवडेन. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

शून्यमनस्क

h आणि ħ चं भांडणही हेच ना? E = hf आणि E = ħω. दोन्ही जूल-सेकंद, मध्ये २π.

आवर्तन

हो. h हा जूल प्रति फेरा-प्रति-सेकंद आणि ħ हा जूल प्रति रेडियन-प्रति-सेकंद. तिथे निदान दोन चिन्हं वेगळी ठेवली आहेत.

पान्हा१७

तुमचं भांडण चालू द्या, माझा एक साधा प्रश्न. नट आवळताना शेवटचे ३० अंश फिरला आणि टॉर्क ६० वरनं १०० वर चढला, तर माझी किती ऊर्जा गेली? १०० जूल म्हणू का?

क_बारावी

मी करते! टॉर्क सरळ रेषेत चढला असं धरलं तर सरासरी ८०. ३० अंश म्हणजे ०.५२४ रेडियन. ८० गुणिले ०.५२४ म्हणजे ४२ जूल. तुम्ही ३० घातलेत तर २४०० येतील, आणि तेव्हाही एकक जूलच दिसेल :)

पान्हा१७

४२ जूल. म्हणजे अर्धा लिटरची पाण्याची बाटली आठ-साडेआठ मीटर वर उचलण्याएवढं. आणि कपाळावर घाम बादलीभर.

मायलेजमास्तर

माझ्या १४ न्यूटन-मीटरचं राहिलं. एका फेऱ्याला ८८ जूल झाले ना मग? १४ गुणिले ६.२८? मी ५ जूलचा फरक म्हणालो तो ३१ चा निघाला. मित्राचं मायलेज तरी जास्तच आहे.

ड्रमवाला

सगळ्यांचे आभार. संध्याकाळी पोरीला सायकलच्या मागच्या चाकावर दोर टाकून १५४ आणि २४.५ चा हिशोब दाखवला. तिला पटलं, पण ती म्हणते, "मग सरांनी मी लिहिलं ते चूक म्हणायच्या आधी न्यूटन-मीटर आणि जूल एकच आहेत हे फळ्यावर लिहायला नको होतं." अर्ध्या मार्कासाठी ती उद्या पुन्हा भांडणार आहे. बाजू कुणाची घ्यायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गिअरबॉक्सचं म्हणाल तर दुकानदार वर्मच देतोय, १००० न्यूटन-मीटरचा. आवर्तनसाहेब, तुमच्या ८२० ला तो पुरेल. पण ड्रम हळदीनं भरलेला असताना लाईट गेली आणि परत आली, तर सुरू होतानाचा झटका धरायचा का? मोटरच्या कागदावर सुरुवातीचा टॉर्क पूर्ण भाराच्या सव्वादोन पट लिहिलाय.

आवर्तन

धरायलाच हवा. स्टार्टर कोणता आहे, डीओएल की स्टार-डेल्टा? आणि ड्रममध्ये एका वेळी किती किलो हळद टाकता ते लिहा, मग बोलू.